जुना बिल्ला आधी मारायचा

नाव राजनंदिनी, आणि राहायला बोईसरच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. बारशाला आत्यानं हे नाव सुचवलं तेव्हा साखरबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली होती, "एवढं लांब नाव घेऊन हाक मारेपर्यंत दूध उतू जाईल." म्हणून घरात ती नंदा झाली, आणि बापाच्या तोंडी नंदे. आता वय पंचेचाळीस. केस कानापाशी पांढरे, चष्मा डोक्यावर, आणि काम असं की शेजारणीला सांगायला गेलं तर चहा थंड होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या कंप्युटरच्या गोष्टी ती मोडून बघते. मोडली तर तिची शाबासकी, नाही मोडली तर बनवणाऱ्याची.

स्टेशनातून तारापूरच्या बाजूला निघालं की डाव्या हाताला औषधाचं दुकान लागतं. त्याच्या माडीवर तिचं ऑफिस. सहा टेबलं, एक मटका, आणि कायम करकरणारा पंखा. खिडकीतून एमआयडीसीचा धूर दिसतो. वारा फिरला की तो ओळखीचा आंबूस वास आत येतो, नवे लोक नाक धरतात आणि नंदाला मात्र बाप आठवतो.

बाप मारुती. सांगलीकडनं पोटासाठी आला आणि इथल्या एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात लागला. गेटाला लागून त्याची खोली, आणि खोलीच्या भिंतीवर लाकडी फळा. फळ्यावर चारशे खिळे, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. कामगाराकडे पितळेचा बिल्ला असायचा. आत जाताना तो बिल्ला त्यानं खिडकीतल्या पेटीत टाकायचा, मारुतीनं उचलून नंबराच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर जाताना परत द्यायचा. खिळ्याला बिल्ला म्हणजे माणूस आत. खिळा मोकळा म्हणजे माणूस घरी. इतका सोपा हिशोब, की सात वर्षांच्या पोरीलाही कळायचा.

दसऱ्याला मशिनींची पूजा असे, तेव्हा घरच्यांना आत सोडत. नंदा त्या दिवशी सकाळपासून फळ्यासमोर उभी. झेंडूची माळ फळ्यालाही घातलेली. बिल्ले एकमेकांवर आपटून बारीक वाजायचे. तो आवाज आजही तिला झोपेत ऐकू येतो, असं ती म्हणते, आणि तिची आई म्हणायची, "तुझ्या बापाचा बिल्ल्यावरच जीव. मला कधी एक मंगळसूत्र एवढ्या प्रेमानं अडकवलं नाही."

असो. तर गुरुवारची दुपार होती. जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक पोर उभी राहिली. एकोणीस-वीसची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला कागद. पायांना चिखल वाळून पांढरा झालेला.

"पालघरच्या मॅडमनी धाडलं," ती म्हणाली. "कंप्युटरवाल्यांकडं जा म्हणाल्या. मी मंगळी."

"बस आधी," नंदा म्हणाली. "कुठनं आलीस?"

"मनोरच्या वर पाडा हाय. एसटीनं पालघर, तिथनं बोईसर."

पाणी पिऊन झाल्यावर गोष्ट कळली ती अशी. एक संस्था मुलींना वर्षभर रुग्णसेवेचं शिक्षण देते. पालघरला एक केंद्र, वसतिगृहासकट. दुसरं नाशिकला. प्रवेशाचे अर्ज ऑनलाइन, आणि ते पोर्टल नंदाच्या ऑफिसनं बनवलेलं. मंगळीनं पहिली पसंती पालघर दिली होती, तिचा नंबर त्यात लागणार हे मार्कांवरून दिसतही होतं. आणि परवा बघते तर पसंती नाशिक!

"मग नाशिकला जायला काय हरकत?" पलीकडच्या टेबलावरून धीरज म्हणाला. हा तिथला पोर्टल लिहिणारा. हुशार पोरगा, पण बोलण्याआधी विचार करायची सवय अजून लागायची होती.

मंगळीनं त्याच्याकडं बघितलं. "आईबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. घरी म्हातारी आजी एकटी. पालघरवरनं शनवारी संध्याकाळच्या गाडीनं मी घरी पोचते. नाशकावरनं कशी पोचू? आजीला सोडून जायचं असंल तं शिकणंच नको, असं बा म्हणतो."

धीरजनं खुर्ची जवळ ओढली.

"शनवारी पाचला यादी लागणार," मंगळी म्हणाली. "मॅडम म्हणतात, तूच बदललंस. तुझ्या पासवर्डनं बदललंय. मी तं त्या दिवशी लावणीला होते. चिखलात हात, मी कशाला बदलू?"

पालघरच्या दीपिका मॅडमना नंदानं स्पीकरवर फोन लावला. बाई वाईट नव्हती, पण नियमाच्या दोरीला घट्ट धरून होती. "अहो, तीन जुलैला त्या मुलीच्या ईमेलवर आलेल्या लिंकनं पासवर्ड बदलला, मग आत जाऊन पसंती बदलली आणि अर्ज कायम केला. तिचा ईमेल, तिची लिंक. मी कोणत्या तोंडानं फिरवू? उद्या पन्नासजणी रडत येतील. तुमच्या पोर्टलची चूक असेल तर तसं लेखी द्या, मी लगेच फिरवते."

"चूक कशी असेल?" धीरज म्हणाला. "लिंक तिच्याच अर्जाची होती. ताई, तुम्हीच तर मे महिन्यात तपासली होतीत."

तपासली होती. यादीत ओळ होती: पासवर्ड विसरल्यावर येणारी लिंक चालते. नंदानं लिंक मागवली, उघडली, नवा पासवर्ड टाकला, आत गेली आणि ओळीपुढं बरोबरची खूण केली होती.

"मंगळी, तुझा ईमेल कोण बघतं?"

"मनोरला बबलूदादाचं दुकान हाय. झेराक्स, फोटो, फारम. आमच्या पाड्यावर नेट कुठं? त्यानंच ईमेल काढून दिला, त्याच्याच मोबाइलात हाय."

"आणि पासवर्ड कधी विसरलीस?"

"एकदाच. जून महिन्यात. बबलूदादानं मागवला, आला नाय, परत मागवला, मग आला. तवा केला नवा."

नंदानं चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "धीरज, सर्व्हरची नोंद काढ. हिच्या अर्जाच्या लिंका किती निघाल्या आणि कुठली कधी उघडली."

धीरज पटापट बोटं मारायला लागला. थोड्या वेळानं बोटं मंदावली.

"दोनच निघाल्यात, ताई. दोन्ही बारा जूनला. पहिली अकरा दहाला, दुसरी साडेअकराला. दुसरी लगेच वापरली गेलीय." तो पडद्याजवळ झुकला. "आणि तीन जुलैला... तीन जुलैला नवी मागवलेलीच नाही. तीन जुलैला ती पहिली उघडलीय. बारा जूनची, अकरा दहाची."



"तीन आठवडे जुनी," नंदा म्हणाली. "तिच्यामागून दुसरी निघाली, ती वापरून पासवर्डही बदलला. आणि तरी पहिली चालली?"

"तीस दिवसांची मुदत आहे ना. संस्थेनंच मागितली होती. पाड्यावर मेल उशिरा बघतात म्हणून. मी फक्त मुदत तपासतो."

नंदानं तपासणीसाठी ठेवलेला खोटा अर्ज उघडला. पासवर्ड विसरले म्हणून लिंक मागवली. परत मागवली. दोन लिंका आल्या. दुसरी उघडून नवा पासवर्ड टाकला. तीच दुसरी परत उघडली. पोर्टल म्हणालं, नवा पासवर्ड टाका. टाकला, घेतला. मग पहिली उघडली. पोर्टल तेवढ्याच अगत्यानं म्हणालं, नवा पासवर्ड टाका.

घराला दोन दारं, दोन्ही उघडी, आणि वर पाटी "या बसा". मे महिन्यात तिनं दार उघडतं का एवढंच बघितलं होतं. ते नंतर लागतं का, हे बघितलंच नव्हतं.

आणि तिला एकदम दोनशे सतरा आठवला.

तेव्हा ती नऊ वर्षांची असेल. बापाच्या कारखान्यात दोनशे सतरा नंबरवाल्या कामगाराचा बिल्ला हरवला. मारुतीनं त्याला त्याच नंबरचा नवा दिला, आणि काम संपलं असं समजून चहा प्यायला गेला. महिन्याभरानं तो कामगार तापानं फणफणून घरी पडला. त्याच्या मेव्हण्याला तो हरवलेला जुना बिल्ला खाटेखाली सापडला. मेव्हणा त्याच कारखान्यात. भावोजींची हजेरी लागावी, एवढ्याच मायेनं त्यानं सकाळी स्वतःच्या बिल्ल्याबरोबर तोही पेटीत टाकला. मारुतीनं उचलला, खिळ्याला अडकवला. बिल्ला खरा, नंबर खरा. शंका कशाची घ्यायची?

त्याच दुपारी आत धूर झाला. भोंगा वाजला, सगळे बाहेर पळाले. मारुती फळ्यावरचे बिल्ले बघत एकेकाला हाक मारत होता. सगळ्यांनी ओ दिली. दोनशे सतराची ओ आली नाही. मेव्हणा भीतीनं दातखीळ बसल्यासारखा उभा. मारुतीनं पंचा ओला केला, तोंडाला बांधला आणि आत गेला. नाही सापडला म्हणून बाहेर आला, पंचा पुन्हा भिजवून परत आत गेला. जो माणूस घरी गोधडीत घाम काढत होता, त्याला तो धुरात हाका मारत होता.

माणूस गेला नाही कुणाचा. पण मारुतीची छाती त्या दिवशी जी वाजायला लागली ती शेवटपर्यंत वाजली. चाळीत रात्रीचा खोकला ऐकला की लोक म्हणायचे, मारुती जागा आहे.

त्यानंतर त्यानं रीत घातली. नवा बिल्ला द्यायच्या आधी जुन्याची नोंद वहीत लाल शाईनं खोडायची. नव्याच्या कडेला कानशीनं खाच पाडायची, म्हणजे बिनखाचेचा आला की पेटीतच ओळखू येईल. आणि जुना सापडला की त्याचा कान, म्हणजे एक कोपरा, छिन्नीनं उडवून तारेत ओवायचा. "नंदे," तो म्हणायचा, "नवा देणं सोपं हाय. जुना आधी मारायचा, मग नवा द्यायचा. नायतर एका नंबराची दोन माणसं फिरतात, आणि खरं कुठलं ते फळ्यालाबी कळत नाय."

"ताई?" धीरजनं हाक मारली. "काय झालं?"

"काही नाही. बापानं कान धरला," नंदा म्हणाली. "आता त्या बबलूला फोन लाव, स्पीकरवर."

बबलूचा आवाज मोठा, मागं झेरॉक्सच्या मशिनीची धडधड. आधी तो तोऱ्यात होता. "मॅडम, मैंने कुछ नहीं किया. मी सगळ्यांचं काम प्रामाणिकपणे करतो. विचारा कोणालाही मनोरमध्ये."

"प्रामाणिक आहेस म्हणूनच तुला विचारतेय," नंदा म्हणाली. "तीन जुलैला मंगळीचा पासवर्ड तू बदललास का?"

"हो! मंगळीच आली होती ना दुकानात. म्हणाली पासवर्ड विसरले, आणि पसंती नाशिक करा, तिथं बहीण आहे."

मंगळी खुर्चीतून उठली. "बहीण? मला बहीणच नाय! बबलूदादा, ती नदीकडच्या पाड्याची मंगळी!"

फोनवर मशीन थांबली.

आता बघा, त्या डोंगरात मंगळवारी पोरगी झाली की मंगळी, सोमवारी झाली की सोमी. एका वर्षाच्या बावन्न मंगळवारांत किती मंगळ्या होतात ते मोजून बघावं. आडनावंही चार-पाचच, त्यात अख्खे पाडे मावतात. पाड्यावर कुणाचा गोंधळ होत नाही, कारण तिथं माणूस तोंडानं ओळखतात. गोंधळ दुकानात झाला.

बबलूनं आता सगळं सरळ सांगितलं. मुलींच्या लिंका आल्या की तो त्या दुकानाच्या व्हॉट्सअपवर टाकून ठेवायचा, पुढं नाव लिहून. मंगळीची ती पहिली लिंकही उशिरा आली, तेव्हा त्यानं अशीच टाकून ठेवली होती. त्या दिवशी गर्दी होती. नवी लिंक मागवली तर यायला वेळ लागतो. म्हणून त्यानं "मंगळी" शोधलं, सापडली ती लिंक दाबली. उघडली. आत नाव तेच, आडनाव तेच. अर्जाचा नंबर त्यानं बघितला नाही.

"मला वाटलं, उघडली म्हणजे हिचीच," तो म्हणाला. "जुनी असती तर चाललीच नसती ना, मॅडम? ओटीपी नाही का, एकदा टाकला की बाद होतो."

धीरजनं मान खाली घातली. सगळ्यांत शहाणं वाक्य झेरॉक्सवाल्यानं बोलावं, हे त्याला लागलं.

"बरोबर आहे तुझं," नंदा म्हणाली. "चालायला नको होती. चालली, म्हणून तुला चूक कळली नाही. बंद असती तर तू नवी मागवली असतीस, तेव्हा अर्जाचा नंबर टाकावा लागला असता, आणि तिथंच कळलं असतं. त्या दुसऱ्या मंगळीला उद्या दुकानात बोलाव. तिची पसंती बदललेलीच नाही, बिचारीला ठाऊकही नसेल."

मग कामाला लागले. धीरजनं पहिली दुरुस्ती तासाभरात केली. लिंक वापरली की तिच्यापुढं "वापरली" अशी नोंद, आणि ती परत आली की नकार. छाती काढून म्हणाला, "घ्या ताई, मेली."

नंदानं परत दोन लिंका मागवल्या. दुसरी वापरली. दुसरी परत उघडली: नकार. मग पहिली उघडली. नवा पासवर्ड टाका, पोर्टल म्हणालं.

"वापरलेली मेली रे," नंदा म्हणाली. "पण तिच्याआधीची, कधीच न वापरलेली, खाटेखाली जिवंतच आहे. आणि मंगळीचा घात केला तो हिनंच."

"खाटेखाली?"

"ते सोड. नवी लिंक निघाली की त्या अर्जाच्या आधीच्या सगळ्या रद्द. आणि पासवर्ड कुठल्याही वाटेनं बदलला, लिंकनं बदलो की आत जाऊन बदलो, तरी शिल्लक असतील त्या सगळ्या रद्द."

धीरजनं ते केलं. मुदत तीस दिवसांवरून एका तासावर आणली. उशीर झाला तर नवी मागवावी, तिला काय पैसे पडतात! आणि आजवर बाहेर पडलेल्या जुन्या लिंका, झाडून सगळ्या, एकदमच बाद करायचं ठरलं. मंगळी तोवर खिडकीत बसून धुराकडं बघत होती. मध्येच म्हणाली, "बाई, इथं रोजच असा वास येतो?"

"रोज नाही. वारा फिरला की."

"कसं राहता?"

"तू चुलीच्या धुरात राहतेस तसंच."

मंगळी पहिल्यांदा हसली.

राहिलं ते पत्र. धीरज म्हणाला, "तांत्रिक अडचण झाली असं लिहू. पुरेसं आहे. चूक लिहिली तर संस्था पुढचं काम देणार नाही, साहेब आपल्याला सोडणार नाहीत."

"तांत्रिक अडचण म्हटलं की मॅडम विचारतील, कुणाची? मंगळीची की पोर्टलची? मग परत हिच्यावरच येईल."

मारुतीला तेव्हा मेव्हण्याचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. सगळे त्याला तेच म्हणाले होते. त्यानं कारखान्याच्या वहीत लिहिलं होतं: जुना बिल्ला रद्द न करता नवा दिला, चूक टाइम ऑफिसची. खाली सही. साखरबाईनं आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता, आणि आठव्या दिवशी त्याच्या छातीला तेल चोळताना म्हणाली होती, "लिहिलंस ते बरं केलंस."

नंदानं स्वतःच लिहिलं. शाळा बारावीची, त्यापुढचं सगळं ऑफिसात बसून शिकलेलं, त्यामुळं पत्रात शोभेचं काही नव्हतं. बारा जूनला दोन लिंका निघाल्या. दुसरी निघाल्यावर पहिली रद्द व्हायला हवी होती, झाली नाही. तीन जुलैला नवी लिंक मागवली गेली नाही, ती जुनीच चालली. दुकानदारानं नावसाधर्म्यानं चुकीच्या अर्जात बदल केला, त्याचा जबाब सोबत. अर्जदार मुलीचा यात हात नाही. शेवटी: ही तपासणी मी मे महिन्यात केली होती. लिंक चालते हे बघितले, बंद होते का हे बघितले नाही. चूक माझी. राजनंदिनी, आणि पूर्ण नाव. इतकं लांब नाव सहीला प्रथमच उपयोगी पडलं, खालची ओळ भरून गेली.

साहेब चिडले. दोन दिवस चिडलेलेच होते. पण पत्र त्यांनी त्याच रात्री पाठवलं, कारण दुसरं काही पाठवण्यासारखं कुणी लिहूनच दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दीपिका मॅडमचा फोन आला. दोन्ही मंगळ्यांच्या पसंत्या जागेवर आल्या होत्या. "असं स्वच्छ पत्र मला आजवर कुणी दिलं नाही," बाई म्हणाल्या, आणि लगेच परत नियमाच्या बाई झाल्या: "पण पुन्हा द्यायची वेळ आणू नका."

शनिवारी पाचला यादी लागली. सहाला जिन्यावर चपला. मंगळी पालघरला यादी बघून सरळ बोईसरला आली होती. पानात बांधलेली रानातली करटुली टेबलावर ठेवली. "आजीनं धाडली. पालघर लागला, बाई."

मग तिनं पिशवीतून मोबाइल काढला, आईबाचा जुना. त्यात बबलूकडून मागून घेतलेली ती पहिली लिंक होती. "दाबून बघू?"

"बघ."

तिनं दाबलं. पडद्यावर आलं: ही लिंक आता चालत नाही. हवी असल्यास नवी मागवा. मंगळीनं ते दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

"मग ती गेली कुठं?"

"कुठं जाणार? नोंद राहते, नुसती. कधी निघाली, कधी रद्द झाली. दार तेवढं उघडत नाही."

नंदानं खण उघडला. पेन, गोळ्या, रबरबँडांच्या खाली वाकडी तार होती, तिच्यात सात-आठ पितळेचे तुकडे, प्रत्येकाचा कान उडवलेला. कारखाना बंद झाला तेव्हा फळा कुणीतरी जळणाला नेला. ही तार मारुतीनं घरी आणली होती. मंगळीनं ती हातात घेऊन हलवली. बारीक वाजलं.

"ह्यावर दोनशे सतरा हाय," ती म्हणाली. "हा कुणाचा?"

"बस, सांगते. तुझी गाडी किती वाजता?"

"सातला."

"मग वेळ आहे," नंदा म्हणाली, आणि धीरजला चहा सांगायला पाठवलं. वारा फिरला होता. खिडकी तिनं बंद केली नाही.